‘जो–तो’ची सवय आणि जोडलेल्या इंग्रजी वाक्यात उरून राहणारा ‘ही’

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. मी खानापुरात मराठी माध्यमाच्या नववी-दहावीच्या मुलांची संध्याकाळची शिकवणी घेते. इंग्रजीच्या पेपरात दोन छोटी वाक्ये देऊन ती हू, विच, हूज वगैरे शब्दांनी जोडायला सांगतात, आणि निबंधात किंवा पत्रातही अशी जोडलेली वाक्ये अपेक्षित असतात. या एकाच ठिकाणी माझी चांगली मुलेही अडखळतात, म्हणून हा धागा काढत आहे. येथे पालकही वाचतात आणि त्यांतील काहींना इंग्रजी अक्षरे सावकाश लागतात, म्हणून इंग्रजी वाक्ये मी देवनागरीतच लिहिते. उत्तर देणाऱ्यांनीही तसेच करावे, ही विनंती.

माझ्यासमोर एका मुलीची वही आहे. ही मुलगी हुशार आहे, तिचे शब्दभांडार मोठे आहे आणि अक्षर स्वच्छ आहे. तिला पहिली जोडी दिली होती: ‘द बॉय इज माय कझिन. ही वन द प्राइझ.’ तिने लिहिले: ‘द बॉय हू वन द प्राइझ ही इज माय कझिन.’ दुसरी जोडी: ‘धिस इज द बुक. आय बॉट इट इन शहापूर.’ तिचे उत्तर: ‘धिस इज द बुक विच आय बॉट इट इन शहापूर.’ तिसरी जोडी मीच आपल्या नदीवरून केली होती: ‘द मलप्रभा राइजेस ॲट कणकुंबी. इट मीट्स द कृष्णा ॲट कूडलसंगम.’ यावर तिने लिहिले: ‘द मलप्रभा राइजेस ॲट कणकुंबी विच मीट्स द कृष्णा ॲट कूडलसंगम.’

पहिल्या दोन उत्तरांत ‘ही’ आणि ‘इट’ जास्तीचे आहेत हे मी तिला दाखवले. तिने मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच लिहिले. तिसऱ्या वाक्यात काहीतरी बिघडले आहे हे मला दिसते, पण ते तिला कोणत्या शब्दांत सांगावे हे सुचत नाही. ही चूक नेमकी कोठून येते आणि ती मुळापासून कशी काढावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

ताई, आमच्या घरीही हाच प्रश्न आहे. माझा मुलगा दहावीला आहे आणि वाक्ये जोडताना तो नेहमी ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट टु स्कूल’ असे लिहितो. सरांनी ‘बट’वर काट मारली आहे, पण ते का चुकले हे त्याला कळलेले नाही. ‘जरी पाऊस पडत होता तरी आम्ही शाळेत गेलो’ यातल्या ‘तरी’ला इंग्रजीत काहीच लिहायचे नाही, हे मलाही पटत नाही. कृपया कोणीतरी समजावून सांगावे.

तंबाखूची वखार (निपाणी)

मलप्रभाकाठ ताई, मी निपाणीत गेली काही वर्षे मुलांना इंग्रजी शिकवतो. माझा उपाय सोपा आहे. मुलांना मराठी विभक्तीचा तक्ता पाठ करायला लावावा. ‘जो, जी’ आले की हू. ‘जे’ वस्तूसाठी आले की विच. ‘ज्याला, जिला’ आले की हूम. ‘ज्याचा, जिची’ आले की हूज. ‘ज्या गावात, ज्या घरात’ असे आले की इन विच. वाक्याचे आधी मनात मराठी करायचे, ‘ज’ने सुरू होणारा शब्द पाहायचा आणि तक्त्यातला इंग्रजी शब्द त्या जागी ठेवायचा. मराठीत प्रत्यय स्पष्ट असल्यामुळे आपल्या मुलांना ही मोठीच सोय आहे. ती सोडून इंग्रजीतले नियम कशाला घोकायचे?

जुना फळा (टिळकवाडी, बेळगाव)

मी बेळगावात तीस वर्षांहून अधिक काळ इंग्रजी शिकवले आणि या प्रश्नाच्या उत्तरपत्रिका पुष्कळ तपासल्या. मलप्रभाकाठ ताईंनी दिलेली तिन्ही उत्तरे मला इतकी ओळखीची आहेत की त्या मुलीचे अक्षरही डोळ्यांसमोर येते. सवडीने आणि सविस्तर लिहितो.

आधी हिरण्यकेशी यांच्याविषयी. त्यांचा प्रश्न या धाग्याचा नाही, कारण ‘ऑल्दो’ने जोडणे वेगळे आणि हू-विचने जोडणे वेगळे. पण त्यांनी नकळत रोगाच्या मुळावरच बोट ठेवले आहे. मराठीला जोडीने बोलण्याची सवय आहे. जरी म्हटले की तरी येतो, जेव्हा म्हटले की तेव्हा येतो, आणि जो म्हटले की तो येतो. ‘जो मुलगा बक्षीस घेऊन आला तो माझा मामेभाऊ आहे’ या वाक्यातून ‘तो’ काढला तर वाक्य लंगडे वाटते. इंग्रजीत मात्र या जोडीतला एकच शब्द येतो. ऑल्दो आला की बट येत नाही, आणि हू आला की ही येत नाही. तुमच्या मुलाचा ‘बट’ आणि ताईंच्या विद्यार्थिनीचा ‘ही’ ही एकाच सवयीची दोन रूपे आहेत.

म्हणून त्या मुलीला ‘ही जास्तीचा आहे’ एवढेच सांगून भागत नाही. तिच्या कानाला तो जास्तीचा वाटतच नाही, कारण तो तिच्या मातृभाषेतला ‘तो’ आहे. तिला सांगावे लागते की हू हा जोडणारा शब्द तर आहेच, पण तो ‘ही’च्या खुर्चीवर बसलेला शब्दही आहे. एका खुर्चीवर दोघे बसत नाहीत.

आता प्रत्यक्ष कृती. मी ती फळ्यावर खडूने करून घेत असे, आणि वहीत पेन्सिलीने करता येते. ‘धिस इज द बुक. आय बॉट इट इन शहापूर.’ ही जोडी घ्या. दोन्ही वाक्यांत एकाच वस्तूविषयी बोलणारे शब्द शोधून त्यांच्याखाली रेघ मारायची: पहिल्यात ‘द बुक’, दुसऱ्यात ‘इट’. मग दुसऱ्या वाक्यातला ‘इट’ खरोखर खोडायचा, म्हणजे त्यावर पेन्सिलीची काट दिसली पाहिजे, आणि काटलेल्या शब्दावर ‘विच’ लिहायचे. आता दुसरे वाक्य ‘आय बॉट विच इन शहापूर’ असे दिसते. त्यातला विच उचलून त्याच वाक्याच्या तोंडाशी आणायचा: ‘विच आय बॉट इन शहापूर’. शेवटी हा संपूर्ण तुकडा उचलून पहिल्या वाक्यातल्या रेघ मारलेल्या नामाच्या पाठीला चिकटवायचा: ‘धिस इज द बुक विच आय बॉट इन शहापूर’.

यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती काट. विच हा वाक्यात बाहेरून घातलेला नवा शब्द नव्हे, काट मारलेल्या ‘इट’च्या जागी आलेला शब्द आहे, हे हाताने केल्यावर मुलांना जेवढे कळते तेवढे ऐकून कळत नाही. ‘इट’ स्वतःच्या हाताने खोडल्यावर तो पुन्हा लिहिणारे मूल मला क्वचितच भेटले.

पहिल्या जोडीत चोर दुसरीकडे असतो. ‘ही वन द प्राइझ’ यातला ‘ही’ खोडून ‘हू’ झाला, तुकडा ‘द बॉय’च्या मागे बसला, आणि मुलीने पुढे ‘इज माय कझिन’ लिहिण्याआधी मराठीतला ‘तो’ आठवून आणखी एक ‘ही’ घातला. याला वेगळी परीक्षा लागते. हू-विचपासून सुरू होणारा तुकडा अंगठ्याने झाकायचा आणि उरलेले वाचायचे. ‘द बॉय ... ही इज माय कझिन’ असे उरले, तर ‘द बॉय’ आणि ‘ही’ हे दोन कर्ते एका क्रियापदासाठी भांडत आहेत हे लगेच दिसते. झाकल्यावर जे उरते ते मूळचे पहिले वाक्यच असले पाहिजे, अक्षरही कमीजास्त नाही. याच परीक्षेने उलटी चूकही सापडते. काही मुले ‘द मॅन हू लिव्ज निअर अवर हाउस.’ असे लिहून पूर्णविराम देतात. तुकडा झाकला की नुसते ‘द मॅन’ उरते, म्हणजे मुख्य वाक्याचे क्रियापदच आलेले नाही.

तिसऱ्या जोडीतली चूक ही जागेची आहे. विच आपल्या लगेच आधीच्या नामाला धरतो. ‘कणकुंबी विच मीट्स द कृष्णा’ असे लिहिले की कृष्णेला जाऊन मिळते ती नदी नव्हे, कणकुंबी गाव, असा अर्थ होतो. मुलीला एवढेच विचारा: ‘कूडलसंगमला कोण पोहोचले?’ ती स्वतःच हसेल आणि वाक्य दुरुस्त करील. तेथे तुकडा नदीच्या नावामागे बसला पाहिजे: ‘द मलप्रभा, विच राइजेस ॲट कणकुंबी, मीट्स द कृष्णा ॲट कूडलसंगम.’ येथे दोन वाक्यांपैकी पहिले तुकडा झाले आणि दुसरे मुख्य वाक्य झाले, हेही तिला दाखवा. दुसरेच वाक्य नेहमी तुकडा व्हावे असा नियम नाही. दोन्ही स्वल्पविराम का आले, ते पुढे लिहितो.

तंबाखूची वखार (निपाणी)

सर, कृती चांगली आहे, पण माझ्या तक्त्याविषयी आपण काही म्हटले नाही. माझी मुले त्यावर गुण मिळवतात.

अथणीकर

मी अथणीचा. घरी मराठी, शाळा मात्र कन्नड माध्यमाची. माझ्या चुका या मुलीसारख्या नव्हत्या, आणि त्याचे कारण मला अलीकडे कळले.

मी ‘द बॉय हू वन द प्राइझ ही’ असे कधी लिहिले नाही. कन्नडमध्ये आपण ‘निन्ने बंद हुडुग’ म्हणतो, म्हणजे ‘काल आलेला मुलगा’. तेथे ‘जो’ही नाही आणि ‘तो’ही नाही, क्रियापदाचेच विशेषण होऊन ते नामाआधी बसते. त्यामुळे जास्तीचा ‘ही’ माझ्या मनात येतच नसे. माझी अडचण वेगळी होती. ‘धिस इज द व्हिलेज विच आय वॉज बॉर्न’ असे मी कित्येक वर्षे लिहिले. शिक्षक ‘इन’ हवा म्हणत आणि मला तो कोठून आणायचा हे समजत नसे. ‘नानु हुट्टिद ऊरु’ या कन्नड वाक्यात ‘गावात’ यातला ‘त’ कोठेच दिसत नाही. नुसते ‘मी जन्मलेले गाव’ असे ते असते, आणि गावात जन्मलो हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी तसे समजून घेत नाही.

आमच्या सीमाभागातील मुले दिवसभर दोन्ही भाषांत वावरतात, म्हणून दोन्ही प्रकारच्या चुका एकाच वहीत सापडतात असे मला वाटते. हे माझे निरीक्षण आहे. सरांनी ते तपासून पाहावे.

जुना फळा (टिळकवाडी, बेळगाव)

अथणीकर, तुमचे निरीक्षण मला पटते. इतकी वर्षे मी ‘इन’ विसरणे हा निव्वळ हलगर्जीपणा समजत होतो. मराठीतही ‘मी राहिलेले घर’ असे म्हटले की घरातला ‘त’ नाहीसा होतो, म्हणजे ही वाट मराठीतूनही निघते. वरची कृती तुमच्या वाक्याला लावून पाहा. दुसरे वाक्य ‘आय वॉज बॉर्न इन इट’. ‘इट’ खोडला, विच आला, विच तोंडाशी गेला: ‘विच आय वॉज बॉर्न इन’. ‘इन’ला कोणी खोडलेलेच नाही, म्हणून तो राहतो. परीक्षेच्या लेखनात तो विचच्या आधी आणणे अधिक नेटके दिसते: ‘धिस इज द व्हिलेज इन विच आय वॉज बॉर्न’. ‘इन विच’ हे दोन्ही शब्द मिळून ‘व्हेअर’ होतो. त्यामुळे ‘व्हेअर’ लिहिले की शेवटचा ‘इन’ गेला पाहिजे. ‘द व्हिलेज व्हेअर आय वॉज बॉर्न इन’ यात ‘इन’ दोनदा आला आहे, आणि ही चूकही मी भरपूर पाहिली आहे.

आता वखार यांच्या तक्त्याविषयी. तो निम्मा खरा आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे. ‘ज्याचा’साठी हूज आणि ‘ज्या गावात’साठी इन विच हे दोन भाग बहुधा बरोबर निघतात. पण ही दोन मराठी वाक्ये पाहा: ‘ज्याला ताप आहे तो मुलगा घरी गेला’ आणि ‘ज्याने खिडकी फोडली तो मुलगा पळाला’. तक्त्याप्रमाणे पहिल्यात ‘ज्याला’ म्हणून हूम येईल आणि मूल लिहील ‘द बॉय हूम हॅज फीवर’. दुसऱ्यात ‘ने’ प्रत्यय पाहून काही मुले ‘बाय हूम’ लिहितात. दोन्ही ठिकाणी इंग्रजीला साधा हू हवा. मराठीत ताप माणसाला असतो आणि भूतकाळात काम माणसाने केलेले असते, म्हणून हे प्रत्यय येतात. इंग्रजीत दोन्ही वाक्यांचा कर्ता ‘ही’च असतो: ‘ही हॅज फीवर’, ‘ही ब्रोक द विंडो’. ‘ज्याला इंग्रजी येते’, ‘ज्याला भूक लागली’, ‘ज्याने पत्र लिहिले’ या सर्वांना हूच लागतो, आणि अशी वाक्ये मराठीत रोजच्या बोलण्यातली आहेत.

शिवाय परीक्षेत मराठी वाक्य दिलेलेच नसते. समोर इंग्रजी वाक्य असते आणि त्यातला खोडलेला शब्दच उत्तर सांगतो. ‘ही, शी, दे’ खोडले तर हू. ‘हिम, हर, देम’ खोडले तर हूम. ‘हिज, हर, देअर’ यांच्यापुढे नाम असेल आणि ते खोडले, तर हूज, आणि ते नाम हूजबरोबर चालत येते. ‘आय मेट अ फार्मर. हिज सन इज इन द आर्मी.’ यात ‘हिज’ खोडला की ‘हूज सन इज इन द आर्मी’ हा तुकडा तयार झाला, आणि पूर्ण वाक्य ‘आय मेट अ फार्मर हूज सन इज इन द आर्मी’. ‘हू हिज सन’ लिहिणाऱ्या मुलाने ‘हिज’ खोडलेला नाही, एवढाच त्याचा दोष. इंग्रजी अक्षरांत हूज लिहिताना मध्ये वरचे टिंब येत नाही हेही बजावावे, कारण टिंब आले की तो ‘हू इज’ होतो.

तंबाखूची वखार (निपाणी)

‘ज्याला ताप आहे’ हे वाक्य आज वर्गात पाच मुलांना इंग्रजीत करायला दिले. चौघांनी हूम लिहिले. तक्ता मीच पाठ करून घेतला होता, त्यामुळे ही चूक माझ्याकडून त्यांच्याकडे गेली हे मान्य करतो. उद्यापासून खोडण्याची कृती घेईन. ‘ज्याचा’ आणि ‘ज्या गावात’ एवढे मात्र तक्त्यात ठेवणार आहे, कारण लहान मुलांना त्याने धीर येतो. ‘खोडलेला शब्द पाहा’ हे सातवीतल्या मुलाला एकदम जमेल, असे मला वाटत नाही.

वडगाव पेठ (बेळगाव)

मी बँकेच्या परीक्षेची तयारी करत आहे. माझा प्रश्न जोडण्याचा नाही, वाक्यातली चूक शोधण्याचा आहे, पण विषय जवळचा वाटला म्हणून विचारतो. ‘द मॅन हूम आय थिंक इज द मॅनेजर केम लेट’ हे वाक्य मी बरोबर ठरवले आणि गुण गेला. ‘आय थिंक हिम’ असे म्हणतात, तर हूम का चुकते?

जुना फळा (टिळकवाडी, बेळगाव)

‘आय थिंक’ हे दोन शब्द कंसात टाकल्यासारखे झाकून वाचा. ‘हू इज द मॅनेजर’ असे उरते. ‘इज’ला कर्ता हवा, आणि तो कर्ता ‘ही’ आहे, म्हणून हू. दुसरे वाक्य सुटे करून लिहिले तर ‘आय थिंक ही इज द मॅनेजर’ असे होईल, ‘हिम इज’ असे होणार नाही. ‘आय नो’, ‘पीपल से’, ‘वी बिलीव्ह’ असे काही मध्ये आले की हीच युक्ती वापरा.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर, अथणीकर दादा, सर्वांची आभारी आहे. काल त्या मुलीला पेन्सिल देऊन बसवले. तिला ‘कूडलसंगमला कोण पोहोचले?’ असे विचारले. तिने आधी ‘मलप्रभा’ असे सांगितले, मग स्वतःचे वाक्य वाचले आणि हात तोंडावर नेला. त्यानंतर तिने आठ जोड्या केल्या. सहा बरोबर आल्या आणि जास्तीचा ‘इट’ एकाही ठिकाणी आला नाही. ‘ही’ मात्र एकदा आला. तेव्हा तिने अंगठा ठेवून पाहिले आणि मी काही बोलण्याआधी स्वतःच तो खोडला.

चुकलेल्या दोनपैकी एकात स्वल्पविराम नव्हते. तिने लिहिले: ‘माय मदर हू वर्क्स इन अ बँक कम्स होम ॲट सिक्स.’ सर, आपण स्वल्पविरामाविषयी लिहितो म्हणाला होता.

जुना फळा (टिळकवाडी, बेळगाव)

होय, ते राहिले होते. स्वल्पविराम हा श्वास घेण्याची खूण आहे असे मुलांना शिकवले जाते आणि तेथेच घोटाळा होतो. येथे तो अर्थाची खूण आहे. तुकडा काढून टाकल्यावर आपण कोणाविषयी बोलत आहोत हे कळते का, एवढे पाहायचे. ‘द बॉय ... इज माय कझिन’ यात कोणता मुलगा हे कळत नाही. तुकडाच तो मुलगा ओळखून देतो, म्हणून तेथे स्वल्पविराम नको. ‘माय मदर’ म्हटल्यावर मात्र ओळख पटवायची राहिलेली नाही, कारण आई एकच. तुकडा केवळ जास्तीची माहिती देतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना स्वल्पविराम हवा: ‘माय मदर, हू वर्क्स इन अ बँक, कम्स होम ॲट सिक्स.’ स्वल्पविराम काढले तर बँकेत काम करणारी आई आणि बँकेत काम न करणारी आई अशा दोन आया आहेत, असा अर्थ डोकावतो.

मलप्रभा, बेळगाव, राणी चन्नम्मा अशी विशेषनामे आली की बहुधा स्वल्पविराम येतातच, कारण नावानेच ओळख झालेली असते. ‘बेळगाव, विच होस्टेड द काँग्रेस सेशन इन 1924, इज निअर द गोवा बॉर्डर’ असे वाक्य निबंधात चांगले दिसते. स्वल्पविराम आले की दॅट चालत नाही, तेथे विच किंवा हूच लागतो. आणि ते जोडीने येतात. उघडणारा दिला आणि बंद करणारा विसरला, ही चूक मला सर्वांत जास्त दिसली, कारण तुकडा लांब असला की मूल त्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेले असते. अंगठ्याची परीक्षा येथेही उपयोगी आहे. अंगठ्याच्या दोन्ही कडांना एकेक स्वल्पविराम दिसला पाहिजे. तुकडा वाक्याच्या शेवटी असेल तर दुसऱ्याच्या जागी पूर्णविराम येतो.

हिरण्यकेशी (संकेश्वर)

सर, मुलाला ‘जरी–तरी’ आणि ‘जो–तो’ एकत्र समजावून सांगितले. तो म्हणाला, ‘बाबा, मग जेव्हा–तेव्हाचेही तसेच का?’ त्याच्या वहीत ‘व्हेन द बेल रँग, देन वी वेंट आउट’ असे वाक्य निघाले. तेथेही ‘देन’ खोडायचा, हे बरोबर ना?

जुना फळा (टिळकवाडी, बेळगाव)

बरोबर. ‘देन’ खोडावा. ‘बट’इतकी ती ढोबळ चूक नाही, पण परीक्षेत तो नकोच. मुलाने स्वतः विचारले हे फार चांगले झाले.

अथणीकर

स्वल्पविरामाविषयी एक शंका. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन पुणे इज कमिंग टुमॉरो’ असे वाक्य असेल तर काय करायचे? भाऊ एक असेल तर स्वल्पविराम हवेत, दोन असतील तर नकोत. पण प्रश्नपत्रिकेत नुसते ‘माय ब्रदर लिव्ज इन पुणे. ही इज कमिंग टुमॉरो.’ एवढेच दिलेले असते. भाऊ किती हे मुलाला ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही.

मलप्रभाकाठ (खानापूर)

मलाही हेच विचारायचे होते. एका वहीत स्वल्पविराम दिल्याबद्दल अर्धा गुण कापलेला मी पाहिला आहे आणि दुसऱ्या वहीत न दिल्याबद्दल.

जुना फळा (टिळकवाडी, बेळगाव)

अशा वाक्यात दोन्ही उत्तरे ग्राह्य धरली पाहिजेत असे माझे मत आहे आणि तपासताना मी तसेच करत असे. माझे एक सहकारी मात्र म्हणत की मूळ वाक्य ‘माय ब्रदर’ अशा एकेरी ओळखीने सुरू झाले आहे, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनात एकच भाऊ आहे, म्हणून स्वल्पविराम हवेतच. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमचे या बाबतीत शेवटपर्यंत एकमत झाले नाही. मुलाला सल्ला द्यायचा झाला तर स्वल्पविराम द्यावेत असे मी सांगेन, कारण मूळच्या पहिल्या वाक्यात कोणता भाऊ असा प्रश्न उभाच राहत नाही.

तंबाखूची वखार (निपाणी)

निबंधात अशी वाक्ये किती असावीत याविषयीही कोणी लिहावे. माझ्या एका विद्यार्थ्याने दहा ओळींत सात विच घातले. व्याकरण बरोबर होते, पण वाचताना धाप लागत होती. मी त्याला सर्व सुटी वाक्ये लिहायला सांगितली. ती सुरक्षित असतात.

जुना फळा (टिळकवाडी, बेळगाव)

सर्व सुटी केली तर पुन्हा तुटक लेखन होते, आणि तसे ते होऊ नये म्हणून तर जोडायला शिकवतात. मलप्रभेवरच्या या चार वाक्यांवर मी मुलांना बसवत असे: ‘द मलप्रभा राइजेस ॲट कणकुंबी. कणकुंबी इज इन द वेस्टर्न घाट्स. द रिव्हर फ्लोज ईस्ट. इट मीट्स द कृष्णा ॲट कूडलसंगम.’ उत्साही मूल लिहिते: ‘द मलप्रभा, विच राइजेस ॲट कणकुंबी, विच इज इन द वेस्टर्न घाट्स, विच फ्लोज ईस्ट, मीट्स द कृष्णा.’ यातला तिसरा विच कोणाचा? घाट पूर्वेकडे वाहू लागले. त्यापेक्षा एकाच ठिकाणी विच वापरावा: ‘द मलप्रभा, विच राइजेस ॲट कणकुंबी इन द वेस्टर्न घाट्स, फ्लोज ईस्ट अँड मीट्स द कृष्णा ॲट कूडलसंगम.’ दुसऱ्या वाक्यातले ‘कणकुंबी इज’ गेले आणि ‘इन द वेस्टर्न घाट्स’ एवढेच गावाच्या नावाला चिकटले. तिसरे आणि चौथे साध्या ‘अँड’ने जोडले. एका वाक्यात एक तुकडा, आणि एका परिच्छेदात अशी दोन वाक्ये, एवढे मी पुरेसे मानतो. कोणते वाक्य तुकडा करावे, हा प्रश्न उरतो. जी माहिती कमी महत्त्वाची ती तुकड्यात जावी. नदी कोठे मिळते हे सांगायचे असेल तर उगम तुकड्यात जाईल, आणि उगमाविषयीच परिच्छेद असेल तर संगम तुकड्यात जाईल.

मलप्रभाकाठ (खानापूर)

ही चार वाक्ये उद्या वर्गाला देते. त्या मुलीची आठांपैकी शेवटची चुकलेली जोडी येथे ठेवते, कारण माझे स्वतःचे समाधान झालेले नाही. जोडी अशी: ‘आय सॉ अ गर्ल विथ अ डॉग. शी वॉज सिंगिंग.’ तिने लिहिले: ‘आय सॉ अ गर्ल विथ अ डॉग हू वॉज सिंगिंग.’ हू माणसासाठी असल्यामुळे गाणारी मुलगीच, असे तिचे म्हणणे आहे, पण हू ‘डॉग’ला चिकटून बसला आहे. ‘अ गर्ल हू वॉज सिंगिंग विथ अ डॉग’ केले तर दोघे मिळून गात आहेत असे वाटते. मी ‘अ गर्ल, हू वॉज सिंगिंग, विथ अ डॉग’ असे करून पाहिले, तेही बरे दिसत नाही.

अथणीकर

‘विथ अ डॉग’ काढून ‘हू हॅड अ डॉग अँड वॉज सिंगिंग’ असे केले तर? ‘आय सॉ अ गर्ल हू हॅड अ डॉग अँड वॉज सिंगिंग.’ मात्र दिलेला शब्द बदलला म्हणून गुण जाईल की काय, हे सरांनी सांगावे.

जुना फळा (टिळकवाडी, बेळगाव)

अर्थ स्वच्छ झाला आणि मी पूर्ण गुण दिला असता. पण मुलीचे वाक्यही मी चूक धरले नसते. तिचा युक्तिवाद बरोबर आहे, हू कुत्र्याला सहसा लागत नाही, त्यामुळे वाचणारा फसत नाही. तेथे ‘विच’ असते तर मात्र कुत्रा गाऊ लागला असता. ताई, त्या जोडीवरची काट आपण पुसावी असे मला वाटते.